खरखरीबरोबर आणखी काय गेलं?

दहा इंची लाखेची तबकडी. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं नाट्यपद. सुई टेकली की आधी ‘टक्’, मग कढईत काहीतरी तळायला टाकल्यासारखी खरखर, आणि त्या खरखरीच्या पलीकडून ऑर्गनचा सूर, सारंगी, तबला आणि गाणाऱ्याचा आवाज. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ यांचं गाणं आज ऐकायला मिळतं ते मुख्यतः अशा तबकड्यांमुळेच. लाखेत खनिजांची भुकटी मिसळून त्या घडवत असत. सुई त्या भुकटीवरून घासत जाते, त्यामुळे कोऱ्या तबकडीतूनही थोडी खरखर येतेच. वापरलेल्या तबकडीची गोष्टच वेगळी.

आज अशी तबकडी संगणकात उतरवणं फार अवघड राहिलेलं नाही. संग्राहक ती वाजवतो, फाइल बनवतो, खरखर काढणारं सॉफ्टवेअर त्यावरून फिरवतो आणि पाच-दहा मिनिटांत ‘स्वच्छ’ गाणं हाती येतं. पहिल्यांदा ऐकताना बरं वाटतं. दुसऱ्यांदा ऐकताना एखाद्या जाणकाराला शंका येते: ‘शब्द जरा बोथट झालेत का? सारंगीची धार कमी झाली का?’ मग दोन्ही फाइल आलटूनपालटून ऐकणं सुरू होतं. एकदा वाटतं फरक आहे, एकदा वाटतं नाही. सुराचा बारीक पोत कानाच्या आठवणीत फार वेळ टिकत नाही, आणि खरखर गेल्यामुळे सगळंच इतकं वेगळं वाटतं की तिच्याबरोबर आणखी काय गेलं ते नुसतं ऐकून सांगणं जवळजवळ अशक्य होतं.

या शंकेचं उत्तर मिळवण्याची एक पद्धत आहे. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात तिला ‘नल टेस्ट’ म्हणतात. नाव परकं असलं तरी तिच्या मुळाशी दुसरी-तिसरीत शिकलेली वजाबाकी आहे.

संगणकातला आवाज म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, आणि प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या दरम्यानचा असतो. त्या क्षणी स्पीकरचा पडदा किती पुढे किंवा किती मागे असायला हवा, एवढंच तो आकडा सांगतो. तीन मिनिटांच्या पदात असे सुमारे ७९ लाख आकडे असतात. मूळ फाइलमधल्या प्रत्येक आकड्यातून साफ केलेल्या फाइलमधला त्याच जागेचा आकडा वजा केला, तर उरते ती बाकी. मूळ आकडा १,२०० असेल आणि सफाईनंतरही १,२०० राहिला असेल, तर बाकी शून्य. तो १,१५० झाला असेल तर बाकी ५०. अशा ७९ लाख बाक्यांची रांग हीसुद्धा एक ध्वनिफाइलच असते. ती वाजवता येते, ऐकता येते, मोजता येते. सफाईनं केलेला प्रत्येक बदल त्या रांगेत असतो आणि बदलाशिवाय दुसरं काहीही तिच्यात नसतं.

प्रत्यक्षात स्टुडिओत वजाबाकी अशी करत नाहीत. एका फाइलमधल्या सगळ्या आकड्यांचं चिन्ह उलटं करतात, म्हणजे अधिकचं उणे आणि उण्याचं अधिक. मग दोन्ही फाइल एकत्र मिसळतात. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी `Invert` नावाचा परिणाम आहे. तो एका ट्रॅकवर लावायचा आणि `Mix and Render` ही आज्ञा द्यायची, की काम झालं. ज्यांना आज्ञा टाइप करून काम करायला आवडतं, त्यांना सॉक्स नावाच्या साधनात दोन ओळी पुरतात:

```
sox -D -m -v 1 mul.wav -v -1 saaf.wav baki.wav
sox baki.wav -n stats
```

पहिली ओळ ‘मुळा’तून ‘साफ’ वजा करून बाकीची फाइल लिहिते. दुसरी ओळ त्या बाकीची पातळी आकड्यांत सांगते. दोन्ही फाइल एकाच प्रकारच्या हव्यात: दर सेकंदाचे आकडे सारखे, वाहिन्या सारख्या.

इथं थांबून एक गोष्ट करावी लागते. घाई करणारे नेमकी तीच टाळतात. खरी चाचणी घेण्याआधी चाचणीचीच परीक्षा घ्यायची. मूळ फाइलची प्रत काढायची, तिच्यावर काहीही प्रक्रिया करायची नाही, आणि ती मुळातून वजा करायची. बाकी ठार शून्य यायला हवी. पातळीच्या काट्यावर उणे अनंत दिसायला हवं. तसं दिसलं नाही तर दोष मांडणीत आहे. ऑडॅसिटीतून फाइल बाहेर काढताना हा अनुभव अनेकांना येतो. आकडे १६ बिटांत बसवताना ते सॉफ्टवेअर सहसा जाणूनबुजून अत्यंत बारीक गोंगाट मिसळतं, त्याला डिदर म्हणतात. एरवी तो चांगलाच असतो, पण वजाबाकीत तळाशी मंद फुसफुस उरते आणि नवख्याला वाटतं की काहीतरी बिघडलं. डिदर बंद करून फाइल काढली की ती फुसफुस जाते. वरच्या आज्ञेतलं `-D` त्याचसाठी आहे.

यानंतर येतो जुळवणीचा प्रश्न. या पद्धतीची बहुतेक फसगत इथं होते.

वजाबाकी त्याच जागेच्या आकड्यांची व्हायला हवी. पण खरखर काढणारी सॉफ्टवेअर एकेक आकडा घेऊन काम करत नाहीत. ती एका वेळी, समजा, २,०४८ आकड्यांचा तुकडा उचलतात, तपासतात आणि मग पुढे सोडतात. त्यामुळे बाहेर येणारं गाणं मुळापेक्षा थोडं उशिरा सुरू होऊ शकतं. २,०४८ आकडे म्हणजे सेकंदाचा जेमतेम विसावा भाग. ऐकताना तो कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण वजाबाकीला तेवढा उशीर परवडत नाही. तिला एका आकड्याचा, म्हणजे सेकंदाच्या ४४,१००व्या भागाचा उशीरही चालत नाही.

का चालत नाही, ते हिशेबानं पाहण्यासारखं आहे. फाइलमध्ये काहीच बदललेलं नाही, फक्त एक आकडा मागे-पुढे झाला आहे असं धरू. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या सुराची लहर इतकी संथ असते की एका आकड्याच्या अंतरात ती फारशी हलत नाही. तिथं बाकी मुळाच्या सत्तराव्या भागाएवढी असते. १,००० हर्ट्झला ती सातव्या भागाएवढी होते. ७,३५० हर्ट्झला बाकी मुळाइतकीच मोठी होते, आणि त्याच्या वरच्या पट्टीत ती मुळापेक्षाही मोठी! म्हणजे काहीच न बदललेल्या गाण्याच्या वजाबाकीतून खर्ज गायब झालेला, चिरका, पत्र्यासारखा आवाज येतो आणि ऐकणारा सॉफ्टवेअरला शिव्या देतो. बाकीत खर्ज अजिबात नसेल आणि वरच्या पट्टीत सबंध गाणं स्पष्ट ऐकू येत असेल, तर आधी जुळवणी तपासावी.

ती जुळवायला जुनी तबकडी स्वतःच मदत करते. सुई टेकल्याचा तो पहिला ‘टक्’ दोन्ही फाइलमध्ये असतो. पडद्यावर लहर इतकी मोठी करायची की एकेक आकडा वेगळा ठिपका दिसावा, आणि त्या ‘टक्’चं टोक दोन्हीकडे एकाच उभ्या रेषेवर आणायचं. मग एक आकडा मागे, एक आकडा पुढे करून पाहायचं. जिथं बाकी सर्वांत कमी, ती जागा बरोबर.

आवाजाची पातळी चुकली असेल तर लक्षण वेगळं दिसतं. डेसिबलचा हिशेब साधा आहे: ६ डेसिबल खाली म्हणजे निम्मं, २० डेसिबल खाली म्हणजे दहावा भाग. सफाईच्या सॉफ्टवेअरनं जाता जाता पातळी १ डेसिबलनं उतरवली असेल, तर सबंध गाणं मुळापेक्षा सुमारे १९ डेसिबल खाली बाकीत हजर होतं. ०.१ डेसिबलच्या फरकानंही ते ३९ डेसिबल खाली राहतं, आणि एवढा आवाज हेडफोनमध्ये सहज ऐकू येतो. ०.१ डेसिबलचा फरक मात्र कोणाच्याही कानाला जाणवणार नाही. पातळी चुकल्याची खूण अशी की बाकीत गाणं जसंच्या तसं असतं, खर्जापासून तारेपर्यंत सारख्या प्रमाणात, फक्त हळू. अशा वेळी एका फाइलची पातळी दशांशा-दशांशानं हलवत बाकी कमीत कमी होईल ती जागा शोधायची.

एवढं झालं की चाचणी बोलू लागते. समजा एका संग्राहकापुढे १९३०च्या सुमाराची तबकडी आहे आणि तिच्यावर तीन प्रक्रिया करायच्या आहेत: आधी टकटक काढायची, मग खरखर, शेवटी तळातली घरघर. वजाबाकी प्रत्येक पायरीनंतर वेगळी करायला हवी. सगळं एकदम करून शेवटी एकच वजाबाकी केली तर बाकीत तिन्हींची खिचडी होते आणि कुणी काय नेलं ते कळत नाही. तबकडीच्या फिरण्याचा वेग दुरुस्त करायचा असेल, तर ते काम या सगळ्याच्या आधी किंवा नंतर ठेवावं. वेग एक टक्क्यानं बदलला तरी एका सेकंदातच दोन फाइल ४४१ आकड्यांनी सरकतात आणि वजाबाकीला काही अर्थ राहत नाही.

टकटकीची पायरी सर्वांत समाधान देणारी. हे सॉफ्टवेअर ओरखड्यामुळे आलेला अणकुचीदार उंचवटा शोधतं, तेवढेच काही आकडे खोडतं आणि आजूबाजूच्या लहरीवरून अंदाज बांधून भोक भरतं. बाकीच्या गाण्याला त्यानं हातही लावायचा नसतो. म्हणून इथली बाकी कशी असायला हवी हे आधीच सांगता येतं: टक्, मग ठार शांतता, पुन्हा टक्. मधली शांतता खरोखर शून्य असायला हवी. काटा उणे अनंतावर पडलेला दिसायला हवा.

आता ते टक् नीट ऐकायचे. तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेते, म्हणजे एक फेरी सुमारे ०.७७ सेकंदाची. आडवा ओरखडा सुईला दर फेरीत एकदा भेटतो. त्यामुळे ओरखड्याचे टक् घड्याळासारखे ०.७७ सेकंदांच्या अंतरानं येतात. पण बाकीत त्यांच्याशिवाय आणखी काही टक् असतील, आणि ते तालाच्या मात्रांवर पडत असतील, तर तो तबला आहे. चाटेवरचा ‘ना’, किनारीवरचा कडक आघात यांची लहरही ओरखड्यासारखीच एकदम उसळते, आणि सॉफ्टवेअर त्यांना ओरखडा समजून खोडतं. साफ झालेल्या गाण्यात हे लक्षात येत नाही, कारण तबला वाजतच असतो, फक्त त्याचं टोक मोडलेलं असतं. बाकीत मात्र ठेका एकटाच, उघडा, मात्रेमात्रेला ऐकू येतो. संग्राहकानं संवेदनशीलता एकेक घर कमी करत जायचं आणि प्रत्येक वेळी बाकी ऐकायची. ठेका नाहीसा होतो आणि ०.७७ सेकंदांचे टक् शिल्लक राहतात, तिथं थांबायचं. एखाद-दोन ओरखडे गाण्यात राहिले तर ते हातानं, एकेक करून काढता येतात. तुटलेला तबला परत जोडता येत नाही.

दुसरी पायरी, खरखर, इतकी सरळ नाही. इथं सॉफ्टवेअरला आधी नमुना दाखवावा लागतो: गाणं सुरू होण्याआधीच्या खाचेतली एक-दोन सेकंदांची नुसती खरखर. सॉफ्टवेअर आवाजाच्या सबंध पट्टीचे शेकडो बारीक पट्टे पाडतं आणि प्रत्येक पट्ट्यात खरखरीची उंची किती आहे ते टिपून ठेवतं. मग गाण्यातल्या प्रत्येक क्षणी, प्रत्येक पट्ट्यात, आवाज त्या उंचीच्या आसपास किंवा खाली असेल तर तो दाबतं, वर असेल तर सोडून देतं. दाबायचं किती ते वापरणारा ठरवतो. १२ डेसिबल दाबलं तर पट्ट्यातला पाऊण आवाज जातो आणि पाव राहतो, म्हणून बाकीतली खरखर जवळपास मुळाइतकीच मोठी ऐकू येते. यात वावगं काही नाही.

वावगं आहे ते वेगळंच. गाणाऱ्याच्या तोंडचे ‘स’, ‘श’, ‘च’ हे उच्चार मुळात फुत्कारच असतात, आणि त्यांचा जोर वरच्या पट्टीत असतो. नेमक्या त्याच पट्टीत जुन्या तबकडीवर खरखर जास्त आणि गाणं कमी असतं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं हळूच म्हटलेला ‘श’ आणि खरखरीचा एक झोत यांत फरक करायला फारसं काही नसतं. मींड विरत जाताना तिचं शेपूट खरखरीच्या उंचीखाली जातं, तेही असंच दाबलं जातं. सारंगीच्या वरच्या स्वरांशांचंही तेच होतं.

म्हणून या बाकीत ऐकायचा आवाज एकच: एकसुरी, आकार नसलेली, कौलांवरच्या पावसासारखी खरखर. पाऊस पडतो तसा पडतो. त्याला पदाचे शब्द माहीत नसतात. बाकीतली खरखर गाण्याच्या तालावर फुगत-ओसरत असेल, तिच्यात ओळी ओळखू येत असतील, कुजबुजल्यासारखे ‘स’ आणि ‘श’ उठून येत असतील, तर सफाई गाण्याला खात आहे. मग १२ डेसिबलचे ८ करायचे, ८चे ६, आणि प्रत्येक पायरीला बाकी ऐकायची. ऑडॅसिटीच्या `Noise Reduction` या खिडकीत `Residue` असा पर्याय याचसाठी दिलेला आहे. तो निवडला की काढून टाकलं जाणारं तेवढंच ऐकू येतं. झटपट अंदाजाला ते पुरतं. तरीही शेवटच्या निर्णयाआधी हातानं वजाबाकी करावी, कारण तो पर्याय म्हणजे सॉफ्टवेअरनं स्वतःच्या कामाचा दिलेला जबाब आहे. दोन फाइलमधली वजाबाकी त्याच्या जबाबावर अवलंबून नसते.

खाचेतली खरखर आणि गाणं वेगळं करण्याची आणखी एक वजाबाकी तबकडीतच दडलेली आहे. या तबकड्यांत सुई आडवी हलते आणि आवाज एकाच वाहिनीचा असतो. ती स्टिरिओ सुईनं वाजवली तर खाचेच्या दोन भिंतींतून डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या मिळतात. दोन्हींत गाणं तेच असतं, पण धूळ, झीज आणि सुईची वर-खाली होणारी थरथर वेगवेगळी असते. डावीतून उजवी वजा केली की गाणं जवळजवळ नाहीसं होतं आणि एकटा गोंगाट समोर येतो. कोणत्या भिंतीची झीज जास्त, कोणती वाहिनी वापरणं बरं, हे ठरवायला संग्राहकांना याचा चांगला उपयोग होतो. गाणं पुरतं नाहीसं होत नसेल, तर दोन्ही वाहिन्यांची पातळी सारखी नाही किंवा सुई सरळ बसलेली नाही, असाही अर्थ निघतो.

आता तिसरी पायरी. नल टेस्टनं अनेक जाणकारांना चकवलं आहे ते इथंच, म्हणून तिच्यावर थोडं जास्त रेंगाळायला हवं.

तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर खर्जाच्याही खाली असते. ती काढायला ४० हर्ट्झच्या खालचं अडवणारी गाळणी लावतात. सर्वांत साधी, सौम्य उताराची गाळणी घेतली असं धरू. ४०० हर्ट्झच्या सुराची, म्हणजे गाणाऱ्या आवाजाच्या अगदी मध्यावरची, पातळी या गाळणीनं ०.०४ डेसिबलनं उतरते, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा बदल कुणालाच ऐकू येणार नाही. पण वजाबाकी केली तर ४०० हर्ट्झला बाकी किती येते? मुळाच्या दहाव्या भागाएवढी, केवळ २० डेसिबल खाली. बाकीत घरघरीबरोबर गाणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि संग्राहक हादरतो, की घरघरीची गाळणी गाणं गिळत आहे.

ती काही गिळत नसते. गाळणी सुराची उंची जवळजवळ तशीच ठेवते, पण त्याची लहर किंचित पुढे सरकवते, एका आवर्तनाच्या सुमारे साठाव्या भागाइतकी. शास्त्रीय भाषेत याला कला बदलणं म्हणतात, स्टुडिओत फेज म्हणतात. दोन सारख्याच उंचीच्या लहरी एकमेकींपासून थोड्या सरकल्या की त्यांची वजाबाकी शून्य होत नाही. हे सरकणं आवर्तनाच्या सहाव्या भागाइतकं झालं तर बाकी मुळाइतकीच मोठी होते, आणि तरीही दोन्ही सूर कानाला सारखेच वाटू शकतात. एखाद्या अखंड सुराची लहर किती सरकली हे कान सहसा पाहत नाही. वजाबाकी मात्र ते पाहते.

म्हणून या चाचणीचे दोन निकाल सारख्या वजनाचे नसतात. बाकी शून्य आली तर तो पक्का पुरावा आहे: काहीही बदललं नाही, त्यावर वाद नाही. फ्लॅक या पद्धतीनं फाइल लहान करून पुन्हा उलगडली की बाकी ठार शून्य येते. त्या पद्धतीत एकही आकडा हरवत नाही, आणि हे कुणालाही दहा मिनिटांत पडताळता येतं. पण बाकी उरली, तर तिथून चौकशी सुरू होते. बाकी फरक कुठं आहे ते सांगते. तो फरक ऐकू येणारा आहे का, आणि वाढवल्यामुळे झाला की घटवल्यामुळे, हे ती सांगत नाही. एखादी पट्टी ३ डेसिबलनं उचलली काय किंवा दाबली काय, दोन्ही वेळा बाकीत तीच पट्टी ऐकू येते, फक्त कमीजास्त जोरानं. दिशा हवी असेल तर मूळ आणि साफ फाइलची त्या पट्टीतली पातळी वेगवेगळी मोजून पाहावी लागते. गाळणीच्या बाबतीतही तोच उपाय: ४०० हर्ट्झची पातळी दोन्हीकडे मोजली की ०.०४ डेसिबल दिसतं आणि जीव भांड्यात पडतो.

बाकी एकटी ऐकण्याचा आणखी एक धोका आहे. गाण्यात मिसळलेलं असताना जे झाकलं जातं, ते एकटं वाजवल्यावर भयंकर वाटतं. अमेरिकी संगीतकार रायन मॅग्वायर यांनी यावर एक सबंध कलाकृती उभी केली. सुझॅन व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं, १९८७च्या अल्बममधलं, एमपीथ्रीची पद्धत घडवताना कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटी म्हणून वापरलं होतं. नुसत्या एकट्या आवाजातलं ते गाणं आखडवताना दोष चटकन उघडे पडत. मॅग्वायर यांनी त्याच गाण्याची एमपीथ्री करताना हरवणारे ध्वनी गोळा करून त्यांतून ‘मॉडर्निस्ट’ ही रचना केली. मूळ इंग्रजी नावातलीच अक्षरं फिरवून हे नावही घडवलं आहे. ती ऐकताना भुतं कुजबुजत असल्यासारखं वाटतं. पण हेच ध्वनी गाण्यात होते तेव्हा मोठ्या आवाजाच्या सावलीत असल्यामुळे बहुतेकांना वेगळे ऐकूच येत नव्हते. संग्राहकानंही बाकी नीट ऐकू यावी म्हणून ती ३० डेसिबलनं वाढवली असेल, तर तो आकडा लिहून ठेवावा. नाहीतर स्वतःच वाढवलेल्या आवाजाला तो घाबरेल.

संगणक येण्याआधीही लोक ही वजाबाकी करत होते, तारा आणि स्पीकर वापरून. १९८५मध्ये अमेरिकेतल्या ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांपुढे ॲम्प्लिफायर बनवणारे बॉब कार्व्हर यांनी पैज लावली, की आपला स्वस्तातला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर ते सांगतील त्या महागड्या ॲम्प्लिफायरसारखाच वाजेल असा आपण करून दाखवू. दोन्ही ॲम्प्लिफायरना त्यांनी एकच गाणं दिलं आणि दोघांच्या आवाजातला फक्त फरक ऐकू येईल अशी जोडणी केली. मग एकेक भाग बदलत तो फरक खाली खाली नेला, सुमारे ७० डेसिबल खाली, म्हणजे मुळाच्या तीन हजाराव्या भागापर्यंत. त्यानंतर संपादकांना दोघांतला भेद ओळखता आला नाही. त्या जोडणीत कार्व्हर यांचं खरं हत्यार बाकीच होतं. तिच्यात जे ऐकू येई, त्यावरून पुढं काय बदलायचं ते त्यांना कळत असे.

तबकडीकडे परत येऊ. तिन्ही पायऱ्या झाल्यावर संग्राहकाच्या हाती तीन बाक्या असतात: टकटकीची, खरखरीची, घरघरीची. त्या फेकून देऊ नयेत. मुळातून साफ वजा केलं की बाकी येते, तसंच साफ फाइलमध्ये बाकी मिळवली की मूळ परत मिळतं, अगदी आकड्याला आकडा. त्यासाठी फाइल २४ बिटांत किंवा त्याहून बारीक ठेवाव्यात आणि कुठंही शिखर कापलं जाऊ देऊ नये. उद्या एखाद्या कानाला वाटलं की खरखरीबरोबर ‘श’ जास्त गेले, तर त्या बाकीतून ते परत घेता येतात. बाक्या नसतील आणि मूळही नसेल, तर त्या तबकडीवर त्या दिवशी नेमकं काय झालं हे शोधायला काहीच उरत नाही.

घरात, देवघराच्या फळीवर किंवा माळ्यावर जुन्या तबकड्या असलेल्या प्रत्येकाला म्हणूनच एक विनंती: त्या जरूर उतरवा, जरूर साफ करा, पण सुई पहिल्यांदा टेकली तेव्हाची, खरखरीसकटची, कशालाही हात न लावलेली फाइल पुसू नका. वजाबाकीला ती लागते.